फोटोत वजन दिसत नाही

आज फळांबद्दल बोलायचं आहे. म्हणजे फळ बाहेरून बघून आतलं कसं ओळखायचं, आणि कोणी मोबाइलवर फोटो पाठवून "घेऊ का ताई?" असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं.

आमच्या बचत गटाचा हमरस्त्यावर छोटासा स्टॉल आहे. एप्रिल-मे महिन्यात तिथे फणसाचे गरे, कलिंगडाच्या फोडी आणि डाळिंबाच्या दाण्यांचे ग्लास विकतो. फणस आपल्या परड्यातले. कलिंगडं भातशेती कापल्यावर लावलेल्या गावातल्याच मळ्यातली. डाळिंब मात्र आपल्याकडे कोकणात होत नाही, ते घाटावरून येतं. ते आम्ही फोटो बघूनच मागवतो.

गेल्या वर्षी एप्रिलात व्यापारीदादांनी दोन फोटो पाठवले. एकात क्रेटमध्ये लावलेली लालबुंद डाळिंबं, दुसऱ्यात आडवं कापलेलं एक फळ, आत माणकासारखे दाणे. मी लगेच "पाठवा" म्हटलं. आमच्या गटातल्या काकी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, रंग झाला, पण फोटोत वजन खंय दिसता?" मी हसले. पाच क्रेट आले, शंभर किलो, किलोला 110 रुपये. अकरा हजार रुपये गटाच्या अंतर्गत कर्जातून उचललेले.

पहिला क्रेट फोडला, तेव्हा 80 फळांतली 11 आतून काळी निघाली. वरची साल मात्र टणक, लाल, एक डागसुद्धा नाही.

त्या डाळिंबाकडे मी शेवटी येते. आधी एक गोष्ट सांगते, ती कळली की तिन्ही फळांचं कोडं निम्मं सुटतं. फणस झाडावरून काढल्यावरही पिकतो. कलिंगड आणि डाळिंब काढल्यावर पिकत नाहीत. फणस तयार झाला असेल, पण पिकला नसेल, तर घरात चार दिवस ठेवून तो खाता येतो. कलिंगड वेलावरून कच्चं तोडलं तर ते आठ दिवसांनीही कच्चंच राहणार, फार तर मऊ पडेल. म्हणून फणसाच्या फोटोला विचारायचं, "तू तयार आहेस का?" आणि कलिंगड-डाळिंबाच्या फोटोला विचारायचं, "तुला वेळेवर तोडलं का?"

आता फणस. कोवळ्या फणसाचे काटे दाट, टोकदार आणि हिरवेगार असतात. फळ तयार होत आलं की साल ताणते, काटे एकमेकांपासून लांब जातात, बुडाशी पसरतात आणि टोकं बोथट होतात. हिरवा रंग पिवळट-तपकिरीकडे झुकतो. हे सगळं फोटोत दिसतं, फक्त फोटो जवळून काढायला हवा. सगळा फणस फोटोत मावला की काटे दिसतच नाहीत. म्हणून मी एक फोटो पूर्ण फळाचा आणि एक हातभर अंतरावरून काट्यांचा मागते.

दोन गोष्टी मात्र फोटोत येत नाहीत, आवाज आणि वास. तयार फणसावर हाताने थाप मारली की बदबद असा पोकळ आवाज येतो, कोवळ्याचा ठणठणीत येतो. वास सुटला की तो पिकलाच. इथे एक चूक बऱ्याच जणींकडून होते. बरका फणस पिकला की अंगठ्याने दाबल्यावर दबतो. कापा मात्र पिकल्यावरही बऱ्यापैकी घट्टच राहतो. त्यामुळे काप्याच्या बाबतीत "अजून मऊ नाही झाला" म्हणत वाट बघू नका. वास आला की कापा. वाट बघत राहिलात तर आतले गरे आंबूस होतात.

फणस आतून खराब होतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे पडणं. झाडावरून धपकन पडलेला फणस वरून शाबूत दिसतो, पण ज्या बाजूवर पडला तिथले गरे आत चेचलेले असतात. एक-दोन दिवसांत तिथे तपकिरी, पाणचट डाग पडतो. म्हणून फोटो मागताना फणस फिरवून चारही बाजू मागायच्या. जमिनीवर टेकलेली बाजू कोणी आपणहून दाखवत नाही. दुसरं कारण म्हणजे अळी. सालीवर बारीक भोक आणि त्याभोवती लाकडाच्या भुश्यासारखा चुरा दिसला, तर अळी आत शिरली आहे. कापल्यावर त्या भोकापासून आत जाणारी काळपट वाट दिसते.

कापलेल्या फणसाच्या फोटोत मी आधी मधल्या दांड्याकडे, म्हणजे पावेकडे बघते, मग गऱ्यांकडे. गरे पांढरट, घट्ट आणि चीक दाट वाहत असेल तर फणस अजून तयार नाही. गरे पिवळे झाले, आठळीची साल तपकिरी झाली आणि चीक पातळ, कमी झाला, तर बरोबर वेळ. काळेपणा फक्त अळीच्या वाटेवर असेल आणि फणस कापा असेल, तर घरच्या खाण्यासाठी तो भाग चांगला बोटभर जास्त कापून टाका, बाकीचे गरे चालतात. बरका असेल तर त्याचा रस सगळीकडे पसरतो, तो आम्ही स्टॉलवर घेत नाही. आणि बुरशी आलेला भाग गुरांपुढेही टाकू नका, तो खतखड्ड्यात जाऊ दे.

आता कलिंगड. बाजारात सगळ्या जणी कलिंगडाचं हिरवं अंग बघतात. बघायचं ते पोट. वेलावर असताना जो भाग मातीला टेकलेला असतो त्याचा रंग बघा. पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर फळ लवकर तोडलंय. लोण्यासारखा पिवळसर झाला असेल तर वेलावर पुरेसं राहिलंय. फोटोसाठी ही खूण सोन्यासारखी, कारण ती डोळ्याने दिसते. मळ्यातला फोटो असेल तर आणखी एक मागा, देठाजवळच्या बाळीचा, म्हणजे देठापाशी जो बारीक कुरळा तंतू असतो त्याचा. तो हिरवा असेल तर फळाला वेळ आहे. सुकून तपकिरी झाला असेल तर फळ तयार. मात्र वेलच रोगाने किंवा पाण्याविना सुकला असेल तर बाळीही सुकते आणि आपण फसतो. म्हणून बाळी आणि पोट, दोन्ही खुणा जुळल्या तरच होय म्हणायचं.

मग वाजवायचं. कच्च्या कलिंगडावर बोटाने टिचकी मारली तर धातूवर वाजवल्यासारखा टणटण आवाज येतो. पिकलेल्याचा आवाज बदबद, भरीव. अगदी मेलेला, पिठाच्या गोणीवर मारल्यासारखा आवाज आला आणि फळ आकारमानाने हलकं लागलं, तर ते जास्त झालंय. मोबाइलवर व्हिडिओ करून आवाज पाठवतात काही जणी, पण त्यात टणटण आणि बदबद वेगळं ऐकू येतंच असं नाही. आवाज समोरच्या माणसाने स्वतःच्या कानाने ऐकावा आणि आपल्याला सांगावं, हे बरं.

कलिंगड कापल्यावर जे दिसतं त्यावरून गावात भांडणं होतात, म्हणून नीट सांगते. कापलेल्या फळात मधोमध फट, तीन बाजूंना गेलेली चीर दिसली की लोक म्हणतात, "इंजेक्शन मारलंय." तसं नसतं. गर वाढताना परागीकरण नीट झालं नाही किंवा वाढीचा वेग मध्येच कमीजास्त झाला की आतून फळ फाटतं. चिरेच्या कडा कोरड्या, स्वच्छ, गर कुरकुरीत असेल तर ते कलिंगड खुशाल खा. गरातले पांढरे-पिवळे धागेसुद्धा फळाचेच असतात.

घाबरायचं ते दुसऱ्या चित्राला. गर काचेसारखा पाणचट दिसतोय, बियांभोवतीचा भाग विरघळल्यासारखा झालाय, कापताना फेस आला किंवा आंबूस वास आला, तर ते फळ आत आंबू लागलंय. ते चाखूनही बघू नका. सालीवर टाचणीएवढा डाग आणि त्यावर वाळलेला डिंक दिसला तर फळमाशीने तिथे अंडी घातली असण्याची शक्यता आहे, आणि बरोबर त्या जागेखाली अळ्या सापडतात. आणि बी पांढरी, गर गुलाबी असेल तर कुजलेलं नाही, नुसतं कच्चं तोडलेलं आहे. बिनबियांच्या जातीत मात्र पांढरी मऊ बी नेहमीच असते, तिथे ही खूण लावू नका.

आता माझं डाळिंब.

तयार डाळिंबाच्या बाहेरच्या खुणा अशा. कच्चं डाळिंब चेंडूसारखं गोल असतं. दाणे भरले की ते आतून सालीला दाबतात आणि फळाला चपट्या बाजू, थोड्या कडा येतात. फुलाकडच्या टोकाच्या पाकळ्या आधी उघड्या असतात, त्या आत वळून मिटू लागतात. लाल रंगावर मात्र एकट्यावर जाऊ नका, कारण तो ऊन आणि जातीप्रमाणे बदलतो.

आणि कीड-रोगाच्या बाबतीत डाळिंब उलटं वागतं. सालीवर तेलकट काळे डाग आणि त्यात फाटलेल्या चिरा दिसल्या की तो तेल्या. दिसायला फळ भयानक. पण साल आरपार फाटली नसेल तर आतले दाणे बहुतेक वेळा चांगले असतात. असं फळ बाजारात स्वस्त जातं आणि दाणे विकणारीला परवडतं. याउलट आमची 11 फळं बाहेरून नवरीसारखी आणि आतून काळी.

ते का होतं? ही बुरशी फुलातून आत शिरते. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस पडला, ओल राहिली, की तिचे कण फुलाच्या आत बसतात. फूल मिटून फळ धरतं, बुरशी आत तशीच राहते आणि फळ वाढताना दाण्यांत पसरते. साल तिला लागत नाही. आमची फळं हस्त बहराची होती, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फुलांची. तेव्हा परतीचा पाऊस असतो. म्हणजे एप्रिलात मला जे दिसलं ते सहा महिने आधी ठरलेलं होतं, आणि शेतकऱ्यालाही ते बाहेरून कळलं नसणार.

मग राहिली 320 फळं. ती तशीच फोडत बसायची की परत पाठवायची? काकी म्हणाल्या, "काटो हाड." आम्ही फळं सारख्या आकाराची चार ढिगांत लावली आणि एकेक वजनकाट्यावर ठेवलं. कुजलेले दाणे सुकतात, रस उडतो, म्हणून आतून काळं फळ आपल्या आकाराच्या मानाने हलकं लागतं. एका ढिगात बहुतेक फळं 250 ग्रॅमच्या आसपास भरली, आणि काही 225, काही 220. असं चार ढिगांतून 40 हलकी फळं वेगळी निघाली. ती फोडली, 27 काळी निघाली. 13 चांगली होती, नुसती सालच पातळ. उरलेली 280 दाण्यांसाठी फोडताना आणखी 6 काळी सापडली, ज्यांचं वजन अगदी बरोबर होतं. म्हणजे काटा खोटा बोलत नाही, पण सगळं सांगतही नाही. बुरशी एकाच कप्प्यात असेल तर वजनात फरक पडत नाही.

एकूण 44 फळं, साधारण अकरा किलो, 1,210 रुपये. व्यापारीदादांना फोन केला तर ते म्हणाले, "माल तुमच्याकडे उन्हात राहिला असेल, त्याला मी काय करू?" तिथे कापलेल्या फळांचे फोटो उपयोगी पडले. उन्हाने किंवा जास्त दिवस ठेवल्याने दाणे बिघडतात ते तपकिरी, मऊ, चपटे होतात, वास येतो, आणि हे सगळ्या फळभर सारखं असतं. बाहेरून मार लागून कुजलं तर सालीवर मऊ, खोल गेलेला डाग दिसतो आणि कूज सालीकडून आत जाते. आमच्या फोटोंत साल आतूनही पांढरी-पिवळी, निरोगी होती. काळे दाणे पाकळ्यांच्या टोकाकडच्या कप्प्यात होते, आणि शेजारच्या कप्प्यातले दाणे पडद्यापलीकडे लालभडक. कूज आतून निघालेली होती. त्यांनी फोटो बघितले, थोडा वेळ गप्प राहिले, आणि पुढच्या खेपेला अकरा किलो जास्तीचे दिले.

ते काही फसवायला बसले नव्हते. त्यांनी फळ आडवं मधोमध कापून फोटो काढला होता, आणि पाकळ्यांच्या टोकातली सुरुवातीची बुरशी आडव्या कापात चुकू शकते. म्हणून आता मी सांगते, पाकळ्यांकडची चकती उडवा, सालीवर कडांच्या रेषेने उभ्या चिरा द्या, हाताने फळ चार भागांत उघडा आणि चारही भाग एका फोटोत दाखवा. प्रत्येक क्रेटमधली तीन फळं, एक वरचं, एक मधलं, एक तळातलं. पंधरा फळांत एकही काळं नसलं तरी क्रेट शंभर टक्के स्वच्छ असेल अशी खात्री देता येत नाही. पण एक जरी काळं निघालं तरी मी भाव आधी ठरवते, मग माल घेते.

एक धोक्याची सूचना. अर्धं काळं झालेल्या डाळिंबातले लाल दाणे वेचून रस काढायचा मोह होतो. तसं करू नका. अशा बुरश्या काही वेळा विषारी द्रव्यं तयार करतात, आणि ती डोळ्याला न दिसता शेजारच्या दाण्यांपर्यंत जाऊ शकतात. ते फळ पूर्ण टाकायचं.

फोटो कसा काढायचा तेही सांगते, कारण वाईट फोटोने चांगलं फळ वाईट आणि वाईट फळ चांगलं दिसतं. निळ्या किंवा लाल ताडपत्रीखाली काढलेल्या फोटोत सगळ्या फळांवर ताडपत्रीचाच रंग चढतो. पिवळ्या बल्बखाली कच्चं कलिंगडाचं पोटही लोण्यासारखं पिवळं दिसतं. म्हणून सकाळच्या उजेडात, सावलीत फोटो काढा आणि फळाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. कागद फोटोत पांढरा दिसला तर रंगावर विश्वास ठेवायचा, पिवळट दिसला तर नाही. फ्लॅश लावू नका, त्याच्या चकाकीने सुकं फळ ओलं वाटतं. आकार कळावा म्हणून काडेपेटी ठेवा. डाळिंबाचा एक फोटो वजनकाट्यावर, आकडा वाचता येईल असा. आणि कापलेल्या फळाचा फोटो कापल्याबरोबर काढा. डाळिंबाची साल लोखंडी विळीने कापली तर कापलेली कड काळी पडते. ती कूज नव्हे, विळीचं लोखंड आहे. शंका असेल तर स्टीलच्या सुरीने दुसरं फळ कापून बघा.

आता आमच्याकडे कोणी "ताई, घेऊ का?" म्हणून फोटो पाठवला की मी आधी तीन प्रश्न उलट विचारते. काट्यावर किती भरलं? वाजवल्यावर कसं वाजलं? आणि तळातलं फळ कापलंत का? उत्तर आलं नाही तर मीही उत्तर देत नाही. स्टॉलवर काकींनी वजनकाटा आता पुढच्या टेबलावर ठेवलाय, गिऱ्हाइकासाठी नाही, आमच्यासाठी. डाळिंब आलं की तो मागच्या बाजूला जातो आणि फळं ढिगात लागतात. काम वाढलंय खरं. पण या वर्षी एप्रिलात दोन क्रेट आले, तेव्हा 160 फळांतली 12 हलकी निघाली, आणि ती गिऱ्हाइकाच्या ग्लासात जायच्या आधीच आमच्या ताटात फुटली. त्यांतली सात काळी होती.